ताईची स्लाइड

टिल्लूने चोवीस स्लाइडचा डेक केला होता आणि त्यातली एकही मला धड वाचवत नव्हती.

टिल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ. शाळेत सगळ्यांत बुटका होता म्हणून हे नाव पडलं. आता दारातून वाकून आत येतो, तरी नाव काही सुटलं नाही. आम्ही दोघं मिळून सूपच्या पुड्या काढतो. पुडी कपात रिकामी करायची, वर गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, झालं. मी बनवते, तो विकतो. सहा वर्षं हेच चाललंय, आणि या सहा वर्षांत माझ्या कमरेची जी वाट लागली ती लागली, पण मला पहाटे जाग आली की सगळ्यात आधी भाज्यांच्या भुकटीचा वास येतो. घरी, माझ्या स्वतःच्या गादीवर. मी नवऱ्याला म्हटलं, उशीला वास येतोय का बघ. तो म्हणाला, उशीला नाही, तुझ्या डोक्यात बसलाय.

तर डेक. गुंतवणूकदार लोकांपुढे बोलायला उभं राहायचं तेव्हा मागे पडद्यावर एकेक पान सरकवतात, त्या पानांच्या गठ्ठ्याला टिल्लू डेक म्हणतो. एका बाईंनी आम्हाला बुधवारी वेळ दिली होती. खाण्यापिण्याच्या छोट्या कंपन्यांत त्या पैसे घालतात. निरोप आला होता की दहा मिनिटं बोला, त्यापुढे आम्ही विचारू. दहा मिनिटांत चोवीस स्लाइड म्हणजे माणूस बोलणार काय आणि श्वास घेणार कधी. पण टिल्लूला प्रत्येक गोष्ट जीव की प्राण. एकाच स्लाइडवर आमचा पहिला मिक्सर, सातआठ चवींच्या पुड्या, एक आलेख, एक बक्षीस आणि कोपऱ्यात आमचा दोघांचा हसरा फोटो. फोटोत मी हसतेय हे मला आठवतही नव्हतं.

मला मात्र दुसरीच काळजी होती. एका तपासणी प्रयोगशाळेतून मला नोकरीसाठी विचारलं होतं. अन्नाचे नमुने येतात, ते तपासायचे, अहवाल लिहायचा, संध्याकाळी पर्स उचलून घरी. शनिवार-रविवार सुट्टी. मी शिकले तेच काम, आणि बसून करायचं. तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, एक तारखेपासून या, बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा. मला हो म्हणायचं होतं. नुसतं म्हणायचं नव्हतं, मी मनातल्या मनात तिथली खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती. फक्त टिल्लूला सांगायचं राहिलं होतं. बुधवारचं त्याचं बोलणं पार पडलं की सांगू, असं मी ठरवलं. नवरा म्हणाला, आधी सांग. मी म्हटलं, तू सांगतोस का जाऊन? 

रविवारी युनिट बंद असतं. युनिट म्हणजे एका मोठ्या शेडमधले आमचे दोन गाळे. एकात भुकटी मिसळायची खोली, तिथे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र अखंड घरघरत असतं. दुसऱ्यात पुड्या सील करायच्या, खोक्यांत भरायच्या. त्या दिवशी घरघर सोडली तर सगळं शांत होतं आणि टिल्लूने मामाला बोलावलं होतं.

आमचा मामा आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून भाजी घ्यायला गेला की भाजीवाली मान वर करून बघते, हा आवाज कुठे ऐकला म्हणून. आईनंतर आमच्या घरी वडीलधारं म्हणून तोच. डेक-बिक त्याला काही माहीत नाही. पण टिल्लूचं म्हणणं, कमी शब्दांत सांगणं मामाइतकं कुणाला कळतं? ते मात्र खरं होतं.

मामाने लॅपटॉपवर सातआठ स्लाइड बघितल्या आणि झाकण खाली केलं.

"टिल्लू, तू बातम्या ऐकतोस ना? आधी काय असतं?"

"ठळक बातम्या."

"मग तपशील. तू सगळा तपशील आधी वाचतोयस, आणि ठळक काही नाहीच. मला प्रत्येक पानाची एक ठळक बातमी लिहून दे. अख्खं वाक्य. नुसतं 'बाजारपेठ' लिहिलंस तर ती बातमी नाही, ते फाटकावरचं नाव झालं. बाजारपेठेचं काय झालं ते सांग."

"आणि एका वाक्यात दोन गोष्टी आल्या तर?"

"तर दोन पानं कर. नाहीतर एक फेकून दे."

लिहायला कागद शोधताना टिल्लूला खोक्यांचा गठ्ठा दिसला. छापखान्याने टोमॅटोच्या सूपची खोकी हिरव्या रंगात छापून पाठवली होती आणि परत न्यायला अजून कोणी आलं नव्हतं. त्यांच्यावरून मी छापखान्यातल्या माणसाला फोनवर इतकं बोलले होते की तो आता माझा फोनच उचलत नाही. खोकी उलगडली की आतली बाजू कोरी, तळहाताएवढी. जाड मार्करने लिहिलं तर एकच वाक्य मावतं. टिल्लूने बारीक अक्षर काढून दुसरं घुसवायचा प्रयत्न केला, तर मामाने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मार्कर दिला.

पॅकिंगचं लांब टेबल रिकामं होतं. आम्ही एकेक खोकं ओळीने मांडत गेलो.

पहिलं जमलं. 'संध्याकाळी पाचला ऑफिसातल्या माणसाला भूक लागते.' टिल्लूला तिथे आरोग्य, धावपळ, एकटी राहणारी माणसं, सगळं हवं होतं. मामा म्हणाला, भूक लागते एवढंच ऐकून त्या बाईंना भूक लागली पाहिजे. दुसरं, 'आमचं सूप एका मिनिटात कपात तयार होतं.' तिसऱ्याला टिल्लू बाजारपेठ घेऊन आला, देशात अमुक इतकी माणसं, त्यांतल्या प्रत्येकाने एक पुडी घेतली तर वगैरे. मी न राहवून म्हटलं, "टिल्लू, सगळ्या देशाला मी सूप पाजू का? आपण ज्या ऑफिसांत विकतो ती मोज, तशी अजून किती आहेत ती मोज. तो आकडा लहान आहे, पण कुणी विचारलं तर सांगता तरी येईल." मामाने मान हलवली आणि ते खोकं खाली सरकवलं. तिसऱ्या जागी काय आणायचं ते मामाने वेगळ्याच रीतीने काढलं.

तो वाचायचा आणि थांबून म्हणायचा, "मग?" एवढंच. पुढचं खोकं त्या 'मग'चं उत्तर असलं पाहिजे, नसलं तर त्याची जागा चुकली.

"आमचं सूप एका मिनिटात कपात तयार होतं. मग?"

"मग लोक घेतात," टिल्लू म्हणाला.

"घेतात म्हणजे? एकदा फुकट मिळालं तर मीपण घेईन."

"परत घेतात. दहातले सात परत घेतात, मामा."

"मग हे पंधराव्या पानावर का लपवून ठेवलंय? हीच तर तुझी सगळ्यांत मोठी बातमी." आणि ते तिसरं झालं. 'एकदा घेतलेला माणूस पुन्हा घेतो.' त्याखाली एक आलेख, बाकी काही नाही.

आमचं पहिलं बक्षीस गेलं. वेगवेगळ्या चवींची स्लाइड गेली. पहिला मिक्सर गेला तेव्हा टिल्लू अक्षरशः रडवेला झाला, कारण तो मिक्सर आईने दिला होता. मामाने सांगितलं, टाकून नको देऊ, पुरवणीत ठेव. बोलणं संपलं आणि कुणी विचारलंच तर दाखव. पुरवणीचा गठ्ठा वेगळा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तो भराभर वाढत गेला. मला सांगायला हरकत नाही, मला त्या दुपारी फार बरं वाटत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा आमचं काम काय आहे ते मला समोर ओळीत दिसत होतं, आणि त्यात काही फालतू नव्हतं.

"एकदा घेतलेला माणूस पुन्हा घेतो. मग? का घेतो?"

"चव आवडते आणि गुठळी होत नाही."

मामाने दोन बोटं दाखवली. टिल्लूने विचार केला. चव तर सगळेच म्हणतात आमची चांगली. लोक आम्हाला फोन करून जे सांगतात ते गुठळीचं. चौथं ठरलं, 'ढवळलं की आमच्या सूपमध्ये गुठळी राहत नाही.' पाचव्याला मघाची ऑफिसं, मोजलेली. सहाव्याला बाकी कंपन्या, 'बाजारातल्या पुड्या पावसाळी हवेत धरून बसतात.' म्हणजे भुकटीला ओल लागते, ती गोळा होते, आणि मग तिच्यावर कितीही उकळतं पाणी ओता.

"बाकीच्यांच्या धरून बसतात, तुमच्या नाहीत. मग? तुमच्या का नाहीत?"

टिल्लूने माझ्याकडे बघितलं. मी मिसळायच्या खोलीकडे बघत होते. त्या क्षणी मला कळलं की ही ओळ कुठे चाललीय.

"ताईमुळे," तो म्हणाला.

"म्हणजे कृती तिची आहे?"

"कृती कुणालाही देता येईल. मामा, हवा रोज वेगळी असते ना. ताई मिसळायच्या खोलीत शिरते, भुकटी मुठीत दाबते, बोटाने टोचते आणि सांगते, आज अजून अर्धा तास वाळवा, आज स्टार्च शेवटी घाला. ओलावा मोजायचं मीटर नंतर बघते. ती आजारी पडली होती तेव्हा दोन घाणे फुकट गेले."

"मग तीच बातमी. कुणी घाबरू नका आणि लाजू नका." मामाने स्वतःच्या हाताने लिहिलं, मोठं, रेडिओवर वाचायच्या कागदावर लिहितात तसं. 'हे सूप असं होतं ते ताईमुळे.' सातवं. मग टिल्लूच्या अंगात आलं आणि पुढची तीन त्याने एका दमात लिहिली. आठ, 'जास्त बनवलं की पुडीमागे जास्त सुटतं.' नऊ, 'जेवढं बनतं त्याच्यापेक्षा जास्त लोक मागतात.' दहा, 'दुसरी मिसळायची खोली उभारायला आम्हाला पैसे हवेत.'

मामा उभा राहिला. घसा साफ केला आणि पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नुसती वाक्यं वाचली, मधे कुठेही न थांबता. त्याचा तो आवाज. गाळ्यातली घरघरसुद्धा मागे पडल्यासारखी वाटली. ऐकणाऱ्याला सूप माहीत नसतं तरी कळलं असतं की हे काय आहे, का चालतं आणि यांना पुढे काय हवंय. टिल्लूचे डोळे चमकत होते.

"ताई, त्या बाई तुलाच बघतील बघ," तो म्हणाला. "बहुतेक करार करून घेतील. तीनचार वर्षं तू सोडून जायचं नाहीस असा. सगळेच करतात तसा. आपल्याला काय, आपण कुठे चाललोय?"

मी मार्करचं टोपण लावलं. परत काढलं. परत लावलं.

"मी चाललेय," मी म्हटलं.

त्याला आधी कळलंच नाही. कुठे, असं विचारलं त्याने, मी चहा करायला उठलेय की काय अशा आवाजात. मग मी सांगितलं. प्रयोगशाळा, नोकरी, मॅडम. सगळं सांगितलं, फक्त एक तारीख सांगितली नाही. का नाही सांगितली ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, तोंडातून आलीच नाही.

टिल्लू खुर्चीत बसला. मामा खिडकीशी जाऊन उभा राहिला. नको तेव्हा नको तिथे नसायचं, एवढं त्या माणसाला बरोबर समजतं.

"बुधवारनंतर सांगितलं असतंस तर," टिल्लू म्हणाला.

"तेच करणार होते. मग तू त्या बाईंसमोर माझं नाव घेऊन पैसे मागितले असतेस आणि मी गुरुवारी सांगितलं असतं. कुठे तोंड दाखवलं असतंस?"

"तू बनवायला तयार नाहीस आणि मी गावभर विकत फिरतोय. मला वाटायचं तुला आवडतं."

"आवडायचं."

"मग झालं काय?"

"टिल्लू, मला माझ्या उशीला सूपचा वास येतो रे."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. उठला, टेबलाशी आला आणि सातवं खोकं उचललं. हातात धरून उभा राहिला. मग आठवं पालथं घातलं. नववं. दहावं.  जास्त बनवणार कोण, तर मी. दुसऱ्या खोलीत मुठीत भुकटी दाबून बघणार कोण, तर मी. सात नाही तर त्यापुढचं काहीच वाचता येत नव्हतं. सहा खोक्यांवर अक्षरं होती आणि पुढे तीन पालथी, टोमॅटोच्या चित्रांसकट, हिरवीगार. एरवी मी एखाद्याला त्या रंगावरून शिव्या घातल्या असत्या. पण मला ते बघवेना. तो चिडला असता, भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडायला मी तयार होऊन बसले होते. त्याचे खांदे तेवढे खाली आले, शाळेत कुणी चिडवलं की यायचे तसे, आणि मला तिथून उठून जावंसं वाटायला लागलं.

मामा खिडकीतून म्हणाला, "पोरी, हे दुसऱ्या कुणाला शिकवता येतं का? खरं सांग."

"येतं."

"किती दिवसांत?"

खरं तेच सांगितलं. "दिवसांत नाही. कोरडी हवा, दमट हवा, दोन्ही हाताखालून जायला लागतात. सहा महिने."

टिल्लूने मान वर केली. "लॅबवाले सहा महिने थांबतील?"

मी पालथ्या खोक्यांकडे बघितलं. मॅडमचा आवाज माझ्या कानात स्पष्ट होता, एक तारखेला आमची जागा भरलीच पाहिजे म्हणून.

"थांबतील," मी म्हटलं.

मामाने माझ्याकडे वळून बघितलं. आवाजावरून तो माणूस काय ओळखायचं ते ओळखतो. मी मार्कर टिल्लूकडे सरकवला. टिल्लूने नवं खोकं उलगडलं आणि हळूहळू लिहिलं, 'ताई सहा महिन्यांत हे काम दुसऱ्याला शिकवून जाणार आहे.' त्यात दोन गोष्टी आहेत, शिकवणं एक आणि जाणं एक, असं मामाने म्हणायला हवं होतं. तोही थकला असेल. जुनं सातवं पुरवणीत गेलं. पालथी तिन्ही सुलटी झाली, फक्त दहाव्यात बदल झाला. आधी शिकणारा माणूस, मग खोली. संध्याकाळी टिल्लूने ती दहा वाक्यं लॅपटॉपवर उतरवली, एका पानावर एक, आणि पांढरी जागा बघून सारखा कासावीस होत राहिला. इथे काहीतरी टाकूया ना ताई, असं त्याने मला दोनदा विचारलं. मी त्याचे हात धरले.

बुधवारी बाईंच्या ऑफिसात आम्ही दोघं लांब टेबलाच्या एका बाजूला बसलो. बाई दुसऱ्या बाजूला, पुढे वही, हातात पाण्याची बाटली. चेहऱ्यावरून वाटलं की रोज हेच ऐकत असणार. टिल्लू बोलायला लागला. कधी नव्हे ते मोजकं बोलत होता. तिसऱ्या स्लाइडला बाईंनी बाटली खाली ठेवली. सहाव्याला म्हणाल्या, "हो, धरून बसतात, आमच्याही घरी." टिल्लूने पुढचं पान सरकवलं आणि अडला.

सातवं पडद्यावर होतं. त्याने ते वाचायचं होतं. घरी दहा वेळा वाचलं होतं. तोंड उघडलं, मिटलं. इथंच घोडं पेंड खाणार हे मला कळायला हवं होतं. मग मीच वाचलं. "ताई सहा महिन्यांत हे काम दुसऱ्याला शिकवून जाणार आहे. ताई म्हणजे मी."

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे कुणी असं लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "का जाताय?"

मी उत्तराची तयारी केली होती. शिक्षणाचा उपयोग, नवं क्षेत्र, घरच्या जबाबदाऱ्या. रात्रभर जुळवलं होतं सगळं.

"थकले," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली आणि टिल्लूला पुढे जायला सांगितलं. तो गेला. शेवटची तीन त्याने बरी वाचली, आवाज थोडा बसला होता तेवढंच. मग त्यांनी पुरवणीतली दोन पानं मागितली, पुडीमागचा खर्च आणि परत घेणाऱ्यांचा आलेख. मिक्सर काही कुणी मागितला नाही.

"आज मी पैसे देणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण दार लावत नाही. सहा महिन्यांनी या. दुसऱ्या कुणाच्या हातचा माल घेऊन या, आणि गिऱ्हाइकाला फरक कळला नाही हे सातव्या पानावर लिहून आणा. मग बोलू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही शिकवणार ना नक्की? तुम्ही मधेच गेलात तर यात काही उरत नाही."

"शिकवणार," मी म्हटलं.

बाहेर जिन्यात टिल्लू पायऱ्या दोन-दोन उतरत होता. माणूस कुणाला ठेवायचा, पुड्या सील करणारी ती मुलगी चालेल का, का बाहेरून आणायचा, सकाळी किती वाजता सुरू करू, सगळं एकाच वेळी. त्याच्या डोक्यात स्लाइड सुरूच होत्या, एकेकीवर पाच-पाच गोष्टी. तू गाडी काढ, मी आले, असं सांगून मी पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबले आणि प्रयोगशाळेच्या मॅडमना फोन लावला.

मी म्हटलं, मला यायचं आहे, पण सहा महिन्यांनी. त्या म्हणाल्या, सहा महिने कसे थांबणार हो आम्ही, एक तारखेला जागा भरायची आहे. मी म्हटलं, माहितेय.  त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग आम्ही दुसरं कुणीतरी बघतो, तुम्ही कळवलंत ते बरं झालं. फोन ठेवल्यावर मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. एक माणूस फाइल घेऊन वर गेला, त्याला मी वाट दिली. मला रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता.

खाली गाडीत टिल्लूने माझ्या बाजूचं दार आतून उघडून ठेवलं होतं. फोन अजून माझ्या हातातच होता.

"कुणाचा फोन होता?"

"लॅबचा. त्यांना सांगितलं, सहा महिन्यांनी येते म्हणून."

"काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले," मी म्हटलं आणि पट्टा लावला.

"चांगली माणसं आहेत," टिल्लू म्हणाला. मग त्याने गाडी सुरू केली. दुपारचा घाणा लावायचा होता.